न वाचता केलेली सही

बँकेतील चौतीस वर्षांच्या सेवेत न वाचता मी एकही सही केली नाही, असे मी निवृत्तीनंतर बरीच वर्षे अभिमानाने सांगत असे. आता ते विधान मला थोडे सुधारून सांगावे लागते. एक सही मी न वाचता केली आहे. ती कोणत्याही कर्जप्रकरणावरची नव्हती. सांगलीतील एका प्रसूतिगृहाच्या व्हरांड्यात, पहाटे सव्वातीनच्या सुमारास, थोरल्या लेकीच्या शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर ती मी केली.

तिचे पहिले बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी होते. सायंकाळी कळा सुरू झाल्या. रात्री आम्ही तिला प्रसूतिगृहात नेले. जावईबापू इचलकरंजीहून निघाले होते, पण पोहोचायचे होते. पहाटे डॉक्टरीणबाई घाईघाईने बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बाळाचे ठोके कमी होताहेत. सिझर करावे लागेल. इथे सही करा." मी पेन काढले आणि बोट ठेवलेल्या जागी सही केली. अर्ध्या तासाच्या आत नातीचे रडणे ऐकू आले. वजन 2 किलो 800 ग्रॅम, बाळ-बाळंतीण सुखरूप. त्या आनंदात कोणी काही विचारले नाही.

पुढे बारशापर्यंत घरात एक कथा तयार झाली. लेकीच्या कमरेचे हाड लहान आहे, बाळाला उतरायला वाट नव्हती, म्हणून सिझर झाले, अशी ती कथा. कोणी मुद्दाम रचली नव्हती. एका काकींनी अंदाज केला, दुसऱ्यांनी तो खरा धरला आणि पाहुण्यांना सांगता सांगता तो आमचाच अनुभव होऊन बसला. मीही तो चारचौघांत सांगितला आहे.

दोन वर्षांनी लेकीला पुन्हा दिवस गेले. सातव्या महिन्यात व्याह्यांचा फोन आला. त्यांची सुताची पेढी आहे. माणूस मोठ्या मनाचा आणि नियोजनाचा पक्का. ते म्हणाले, "आण्णासाहेब, एकदा सिझर झाले की पुढचेही सिझरच. मग दिवस तरी चांगला धरू या. तीन मुहूर्त काढून ठेवलेत." मला त्यात वावगे काही वाटले नाही. त्याच रात्री लेकीचा फोन आला. "आण्णा, पहिल्या वेळी माझे सिझर नेमके कशासाठी केले होते? इथल्या डॉक्टर विचारताहेत आणि मला सांगता येत नाही."

मला घरातली कथा सांगता आली. कारण सांगता आले नाही.

कपाटातून तिचे डिस्चार्ज कार्ड काढले. त्यावर निदानाच्या रकान्यात 'एल.एस.सी.एस.' एवढीच चार अक्षरे होती. गर्भाशयाच्या खालच्या भागातून केलेले सिझेरियन, असा त्यांचा अर्थ. कोल्हापूरच्या डॉक्टरांना एवढे पुरेसे नव्हते. त्यांना शस्त्रक्रियेची नोंद हवी होती, म्हणजे शल्यक्रियेनंतर डॉक्टर केसपेपरवर स्वहस्ते जे टिपण लिहितात ते. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांत डॉक्टरांनी रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपावेत आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यास 72 तासांत द्यावेत, असे म्हटले आहे. आमची तीन वर्षे अजून पुरी झालेली नव्हती. लेकीच्या सहीचे पत्र घेऊन मी सांगलीच्या प्रसूतिगृहात गेलो आणि तिसऱ्या दिवशी झेरॉक्स हाती पडली.

त्या एका पानाने घरातली कथा खोटी ठरवली. हाडाचा त्यात उल्लेखच नव्हता. लिहिले होते ते असे: गर्भाशयाचे तोंड सहा सेंटिमीटर उघडले, गर्भजल हिरवट झालेले, बाळाचे ठोके वारंवार खाली जात होते, म्हणून तातडीची शस्त्रक्रिया. छेद गर्भाशयाच्या खालच्या भागावर आडवा. छेद कोठेही वाढलेला नाही. दोन थरांत शिवण.

हे पान घेऊन आम्ही चौघे, लेक, जावई, व्याही आणि मी, कोल्हापूरच्या रुग्णालयात डॉक्टरांसमोर बसलो. त्यांनी पान दोनदा वाचले आणि मग लेकीकडे पाहून बोलायला सुरुवात केली. आम्हा दोघा वडीलधाऱ्यांकडे त्यांनी फारसे पाहिले नाही, हे तेव्हा मला थोडे खटकले होते.

त्यांच्या सांगण्याचा सारांश असा. सिझरची कारणे दोन गटांत मांडून पाहावीत. काही कारणे त्या खेपेपुरती असतात. बाळ पायाळू किंवा आडवे असणे, वार गर्भाशयाच्या तोंडावर बसणे, कळांमध्ये बाळाचे ठोके बिघडणे, रक्तदाब अतोनात वाढणे, ही ती कारणे. पुढच्या खेपेला ती पुन्हा येतीलच असे नाही. दुसरा गट मागे लागण्याजोगा असतो. तोंड पूर्ण उघडूनही, चांगल्या कळा येऊनही बाळ खाली न उतरणे हे त्यातले मोठे कारण. तरीसुद्धा अशा स्त्रियांपैकीही अनेकींची पुढची प्रसूती नैसर्गिक होते. ज्यांचे कारण पहिल्या गटातले, त्यांची शक्यता अधिक. "तुमचे कारण पहिल्या गटातले आहे," त्या लेकीला म्हणाल्या.

मग त्यांनी पूर्वनियोजित आणि तातडीचे यांतील फरक सांगितला. वार तोंडावर आहे, बाळ आडवे आहे, हे सोनोग्राफीत आधीच कळते. तेव्हा दिवस ठरवून, उपाशीपोटी, कमरेत भूल देऊन शस्त्रक्रिया शांतपणे करता येते. तातडीची शस्त्रक्रिया कळा सुरू झाल्यावर किंवा अचानक आलेल्या संकटात करावी लागते. तीही सगळी एका दर्जाची नसते. नाळ बाळाच्या आधी बाहेर सरकली, वार वेळेआधी सुटून रक्तस्राव झाला, तर एकेक मिनिट मोलाचे असते. अशा वेळी निर्णयापासून बाळ बाहेर येईपर्यंत अर्ध्या तासाची मर्यादा ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनांत घातलेली आहे. कळा थंडावल्या, प्रगती थांबली, पण बाळ ठीक आहे, अशा वेळी तासभर विचार करायला, दोन प्रश्न विचारायला सवड असते. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना दोन्ही प्रसंग सारखेच भीतिदायक वाटतात. म्हणून "घाई किती आहे?" हा प्रश्न सही करण्यापूर्वी विचारण्याजोगा आहे.

इथे व्याह्यांनी मुहूर्ताची चिठ्ठी पुढे केली. डॉक्टरांनी हसून किंवा झिडकारून बोलणे टाळले. त्यांनी कॅलेंडर उघडून आठवडे मोजले. पहिला मुहूर्त 37 आठवडे 3 दिवसांवर येत होता. त्या म्हणाल्या, "काका, नियोजित सिझर असले तरी दुसरे काही कारण नसताना आम्ही 39 आठवड्यांच्या आत करत नाही. कळा न येता, लवकर काढलेल्या बाळाच्या फुप्फुसांत पाणी राहते, श्वास जोरजोरात चालतो, काही बाळांना काचेच्या पेटीत ठेवावे लागते. आठवडा-दीड आठवडा थांबले की हा धोका बराच कमी होतो." तिसरा मुहूर्त 39 आठवडे 2 दिवसांचा होता. व्याह्यांनी पहिल्या दोन तारखांवर आपल्या पेनाने रेघ मारली.

"पण सिझर करायचेच का, हा प्रश्न आधी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "एकदा सिझर की कायम सिझर" हे वाक्य कोठून आले, तेही त्यांनी सांगितले. 1916 साली न्यूयॉर्कचे डॉक्टर एडविन क्रेगिन यांनी ते लिहिले. त्या काळी गर्भाशयावर वरच्या, जाड भागात उभा छेद घेत असत. तो भाग कळांमध्ये जोराने आकुंचन पावतो, त्यामुळे पुढच्या खेपेला तो व्रण फाटण्याची भीती खरोखरच मोठी असे. पुढे ग्लासगोचे मन्रो कर यांनी खालच्या पातळ भागावर आडवा छेद घेण्याची पद्धत रूढ केली. हा भाग कळांमध्ये स्वतः फारसा जोर लावत नाही, त्याची शिवण चांगली भरते आणि टिकते. छेद बदलला, पण वाक्य मात्र घरोघरी तसेच राहिले.

व्याह्यांनी विचारले, "पोटावर आडवाच व्रण आहे. मग कागदाची काय गरज?" डॉक्टरांचे उत्तर मी तेव्हाच टिपून ठेवले. पोटाच्या कातडीवरचा व्रण आणि गर्भाशयावरचा व्रण हे दोन वेगळे व्रण आहेत. कातडीवर आडवा असून आत उभा असू शकतो. बाळ फार अपुऱ्या दिवसांचे असेल, आडवे अडकले असेल, तर आतला छेद उभा घ्यावा लागतो किंवा इंग्रजी टी अक्षरासारखा वाढवावा लागतो. अशा स्त्रीला पुढच्या खेपेस कळांची वाट पाहू देत नाहीत. तिचे सिझर ठरवूनच करतात. हे फक्त शस्त्रक्रियेच्या नोंदीतच सापडते. पूर्वी गर्भाशय फाटलेले असेल किंवा या खेपेस वार तोंडावर असेल, तरीही नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न नाही.

लेकीने मग सरळ विचारले, "मॅडम, मी प्रयत्न केला तर काय होईल?"

डॉक्टरांनी शंभर स्त्रियांचा हिशेब मांडला. एकच सिझर, खालचा आडवा छेद आणि कळा सुरू झालेल्या, अशा शंभरजणींपैकी साधारण 72 ते 75 जणींची प्रसूती नैसर्गिक होते. जिची पूर्वी एकदा तरी नैसर्गिक प्रसूती झाली आहे, तिच्या बाबतीत हा आकडा 85 ते 90 वर जातो. उरलेल्या पंचवीसजणींचे कळांच्या मध्येच सिझर करावे लागते. ते ठरवून केलेल्या सिझरपेक्षा अवघड जाते. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांची शक्यता त्यात अधिक. दोनशेजणींपैकी सुमारे एकीचा जुना व्रण कळांमध्ये फाटतो. तसे झाले तर बाळाला प्राणवायू मिळेनासा होतो आणि काही मिनिटांत पोट उघडावे लागते. क्वचित गर्भाशय काढून टाकावे लागते.

"म्हणजे ठरवून सिझर हेच सुरक्षित," व्याही म्हणाले.

"या एका दिवसापुरते पाहिले तर व्रण फाटण्याचा धोका त्यात जवळजवळ नाही, हे खरे," डॉक्टर म्हणाल्या. "पण त्याचाही हप्ता पुढे भरावा लागतो." दर सिझरगणिक पोटात आतडी आणि मूत्राशय चिकटत जातात, पुढची शस्त्रक्रिया कठीण होते. त्याहून मोठी गोष्ट वारेची. पुढच्या गरोदरपणी वार खाली, जुन्या व्रणावर बसली तर ती गर्भाशयाच्या भिंतीत मुळे धरते आणि सुटत नाही. रक्ताच्या बाटल्यांवर बाटल्या लागतात. 2006 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, वार तोंडावर असलेल्या स्त्रियांपैकी पूर्वी एक सिझर झालेल्यांत हे शेकडा 11 जणींना, तर दोन सिझर झालेल्यांत शेकडा 40 जणींना आढळले. ज्या घरात तिसऱ्या अपत्याचा विचार आहे, तिथे हा आकडा दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळीच पाहावा लागतो. दोनच पुरे असे ज्यांचे ठरले आहे, त्यांच्या हिशेबात त्याचे वजन कमी. बँकेत मी शेकडो मुदतठेवींची व्याजगणिते केली. आजची सोय आणि पुढची जोखीम यांची इतकी स्वच्छ मांडणी क्वचित ऐकली असेल.

लेकीने प्रयत्न करायचे ठरवले. दोन बाळंतपणांत अडीच वर्षांहून अधिक अंतर होते, हेही तिच्या बाजूचे होते. हे अंतर दीड वर्षाहून कमी असेल, तर व्रण फाटण्याचा धोका वाढतो.

डॉक्टरांनी अटी घातल्या. पहिली जागेची. चोवीस तास शस्त्रक्रियागृह सज्ज, भूलतज्ज्ञ इमारतीतच हजर आणि रक्ताची सोय असेल अशाच ठिकाणी प्रसूती. आपल्या भागातील पुष्कळ लहान प्रसूतिगृहांत भूलतज्ज्ञ फोन केल्यावर बाहेरून येतात. एरवी ते चालून जाते, पण या प्रसूतीत व्रण फाटला तर तेवढा वेळ हाताशी नसतो. म्हणून माहेर सांगलीचे असले तरी या खेपेस मुक्काम कोल्हापुरात नात्यातल्या घरी हलवला. दुसरी अट अशी की कळा सुरू होताच, पाणी गेले किंवा रक्त दिसले तर त्याच क्षणी यायचे. पहिल्या वेळेसारखे घरी बसून कळा मोजायच्या नाहीत. तिसरी अट कळा आपोआप येण्याची. औषधाने कळा आणवल्या तर व्रण फाटण्याचा धोका दुपटी-तिपटीने वाढतो, आणि गोळ्यांपैकी एक तर अशा स्त्रीला देतच नाहीत. म्हणून 41 आठवड्यांपर्यंत वाट पाहायची, तोपर्यंत कळा आल्या नाहीत तर सिझर. हे सारे त्यांनी केसपेपरवर लिहून लेकीची सही घेतली.

40 आठवडे 1 दिवस झाला तेव्हा पहाटे कळा सुरू झाल्या. तिसरा मुहूर्तही एव्हाना मागे पडला होता. सहा वाजता आम्ही रुग्णालयात होतो. हाताला सुई लावून ठेवली, रक्तगट जुळवून रक्त राखून ठेवले, पोटाला पट्टा बांधून बाळाच्या ठोक्यांचा आलेख कागदावर अखंड सुरू झाला. तो अखंड का, हेही परिचारिकेने समजावले. व्रण सुटू लागल्याची खूण बहुधा सर्वांत आधी त्या आलेखात दिसते, ठोके खाली जातात. कळ ओसरल्यावरही व्रणाच्या जागी दुखणे थांबत नाही, जोराच्या कळा एकाएकी बंद पडतात, अंगावरून रक्त जाते, खाली आलेले बाळ पुन्हा वर सरकते, याही खुणा आहेत. पण त्या साऱ्या एकदम दिसतील असे नाही. कमरेतील भूल देऊन वेदना कमी करता येतात, त्याला या प्रसूतीत मनाई नाही, हेही लेकीला सांगितले गेले. तिने ती घेतली.

त्याच वेळी संमतीपत्र आले. मी सवयीने खिशातील पेनाकडे हात नेला. डॉक्टर म्हणाल्या, "काका, तुमची नको. तिची हवी." 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात हेच सांगितले आहे. रुग्ण सज्ञान असेल आणि संमती देण्याच्या स्थितीत असेल, तर संमती तिचीच लागते, आईची सुद्धा चालत नाही. नातेवाइकाची सही घेण्याचा रिवाज जुना आहे, पण तो तिच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. गरज पडल्यास सिझर करावे, ही संमतीही लेकीने दोन कळांच्या मध्ये, वाचून, स्वतः दिली. पहिल्या खेपेस मी ज्या कागदावर सही केली, तो खरे तर तिचा होता.

शेजारच्या खोलीत आणखी एक अशीच बाई होती. दुपारी तिची प्रगती सात सेंटिमीटरवर थांबली. तीन तास वाट पाहून तिचे सिझर झाले. आई आणि बाळ दोघे ठीक. तिचे यजमान व्हरांड्यात माझ्याजवळ बसून म्हणत होते, "उगाच त्रास दिला तिला, आधीच करायला हवे होते." शंभरातील त्या पंचवीसांपैकी एक माझ्या शेजारी बसला होता. मला त्यांना उत्तर देता आले नाही.

लेकीचा आलेख दिवसभर ठीक राहिला. सायंकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी नातू झाला. 3 किलो 50 ग्रॅम, पहिल्या बाळाहून पाव किलो मोठा. 'लहान हाडा'तून तो नीट बाहेर आला. खाली थोडे टाके पडले, दुसऱ्या दिवशी ती चालू लागली. व्याह्यांनी पेढीवर पेढे वाटले आणि मुहूर्ताविषयी एवढेच म्हणाले, "त्याने स्वतःचा स्वतः काढला."

देशात आज खासगी रुग्णालयांतील जवळजवळ निम्मी बाळंतपणे शस्त्रक्रियेने होतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा आकडा 47 टक्क्यांच्या वर होता. त्यांतील पुष्कळ घरांत दोन-तीन वर्षांनी हाच प्रश्न उभा राहणार आहे. उत्तर कोणाचे काय असेल, हे त्या स्त्रीने आणि तिच्या डॉक्टरांनी ठरवायचे. आतला छेद उभा निघाला असता, तर आमच्या लेकीचेही उत्तर ठरवून सिझर हेच असते आणि ते तितकेच बरोबर असते.

माझ्यापुरता बदल एवढाच झाला आहे. नात्यात कोणाचे सिझर झाले की बाळाला पाहायला जाताना मी एक रिकामी फाइल बरोबर नेतो. घरी सोडण्याआधी शस्त्रक्रियेच्या नोंदीची प्रत मागून घ्या, असे सांगतो. कारण काय, आतला छेद कोणता, तो वाढला होता का, या तीन गोष्टी त्यात आहेत ना, ते सुनेला किंवा लेकीला स्वतः वाचून पाहायला सांगतो. सुरुवातीला लोक हसत. मागच्या महिन्यात मात्र धाकट्या भावाच्या सुनेने मी काही बोलण्याआधीच उशीखालून ते पान काढून दाखवले. "मोठे मामंजी, वाचले आहे मी," ती म्हणाली.